वजन तेवढंच आहे, तरी आईला जमिनीवरून उठता येत नाही

शिवारकर

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला. आईबद्दल विचारायचं आहे, जरा सविस्तर लिहितो.

आई ६७ वर्षांची, उंची पाच फूट. शुगर आणि बीपी, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या पावसाळ्यात चिकनगुनिया झाला आणि ती महिना-दीड महिना बाजेवरच होती. आजाराआधी वजन ६४ किलो होतं, ते ५९ वर आलं. दिवाळीनंतर तोंडाला चव आली, खाणं सुरू झालं, आणि आता काटा परत ६४ दाखवतो. तपासायला नेलं तिथे सांगितलं की वजन पूर्ववत झालं, तब्येत भरून आली.

पण घरात वेगळंच दिसतं. दोन वर्षांपूर्वी आमच्यासोबत दिवसभर कापूस वेचणारी बाई आता खाली जेवायला बसली की चौकट धरल्याशिवाय उठत नाही. बहिणीच्या लक्षात आलं की पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्यात, बांगड्या कोपराकडे सरकतात, आणि परकराची नाडी मात्र पुरत नाही. जेवण तेवढंच, गोळ्या त्याच, तरी शुगर वाढलेली. सांधे अजून दुखतात. "आता वय झालं बाप्पा" असं ती म्हणते, पण सहा-आठ महिन्यांत एवढं वय होतं का?

---

हरिभाऊ_वऱ्हाडी

भाऊ, मायचं रातचं जेवन बंद करा अन् सकाळ-संध्याकाळ चालाले लावा. भात तं पूर्णच बंद. आमच्या बुढ्यानं असंच केलं, सहा किलो वजन उतरलं, शुगरबी खाली आली. आंग जड झालं म्हणून उठता येत नाई, दुसरं काई नाई. पोट कमी झालं का सगळं जमते.

---

मंदाकाकू_अमरावती

थायरॉइड तपासलं का? मला अगदी असंच झालं होतं. थकवा, अंग जड, चेहरा सुजल्यासारखा. गोळी सुरू केली आणि दोन महिन्यांत फरक पडला. माझं वजन मात्र ५२ वरून ६१ झालं होतं, तुमच्या आईचं वाढलेलं नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही. पण तपासून घ्या.

---

फिजिओताई

शिवारकर दादा, बाह्या ढिल्या आणि नाडी अपुरी, ही तुमच्या बहिणीची नोंद काट्यापेक्षा जास्त सांगते आहे. मी म्हाताऱ्या माणसांच्या व्यायामाचं काम करते आणि असे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. याला सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात. स्नायू झडत जातात, चरबी वाढत जाते, आणि दोन्हींची बेरीज तेवढीच राहिल्याने वजन काही बोलत नाही.

आईचे जे पाच किलो गेले, त्यात मांडीचा, कुल्ल्याचा, दंडाचा स्नायू बराच होता. ताप, सांध्यांची सूज, कमी खाणं आणि अंथरूण, हे चारही एकदम आले की म्हातारपणी स्नायू फार वेगाने जातो. निरोगी म्हाताऱ्या माणसांना नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं आहे, तेव्हा त्यांच्या पायांमधूनच जवळपास एक किलो स्नायू गेला होता. तुमच्या आईला तर आजारही होता. नंतर खाणं वाढलं, पण पाय कामाला लागले नाहीत. अशा वेळी परत येणारं वजन मुख्यतः पोटाच्या चरबीचं असतं. म्हणजे आताचे ६४ आणि आजाराआधीचे ६४ एकच नाहीत.

शुगरचा धागाही इथेच जोडलेला आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतो तो स्नायू. तोच कमी झाला की जेवण न बदलता शुगर वाढते, आणि पोटातली चरबी इन्सुलिनचं काम आणखी अवघड करते.

मंदाकाकूंचं बरोबर आहे, थायरॉइड एकदा बघायलाच हवं, कारण त्यानेही मांडीतली ताकद जाते. पण त्याची वाट न बघता घरी तीन गोष्टी करा.

पहिली कंबर. सगळ्यात खालची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावा, श्वास सहज सोडल्यावर मोजा. नाडीच्या जागेवर मोजू नका. आपल्याकडच्या बायकांमध्ये ८० सेंमीच्या वर गेली की पोटात चरबी जास्त धरतात, पुरुषांमध्ये ९०.

दुसरी पोटरी. खुर्चीवर बसवून, पाऊल जमिनीवर टेकवून, सगळ्यात जाड जागी टेप. ओढून आवळू नका. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये बायकांसाठी ३३ सेंमी आणि पुरुषांसाठी ३४ सेंमी ही रेघ ठरवली, त्याखाली आलं तर पुढे तपासायचं. मोजण्याआधी नडगीवर अंगठा दाबून धरा. खड्डा राहिला तर पायाला सूज आहे आणि पोटरीचा आकडा खोटा मोठा येईल. बीपीच्या काही गोळ्यांनीही अशी सूज येते.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नेहमीच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, आईचे हात छातीवर घडी घालून ठेवा, आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी समजतात.

---

धनश्री_ब्रम्हपुरी

ताई, हा आजार जाड माणसांचा असतो असं वाटत होतं. माझे बाबा ७४ वर्षांचे, वजन ४८ किलो, हातपाय काड्यांसारखे, पोट थोडं पुढे. जाड नाहीत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. त्यांनाही हे मोजायचं का?

---

फिजिओताई

धनश्री ताई, मोजा. आपल्याकडे वजन कमी, हातपाय बारीक आणि तरी पोटात चरबी, अशी माणसं पुष्कळ. पुण्यातले डॉ. याज्ञिक गेली कितीतरी वर्षं हेच दाखवत आले आहेत की वजन-उंचीचा आकडा सारखा असला तरी भारतीय माणसाच्या अंगात गोऱ्या माणसापेक्षा चरबी जास्त असते. फक्त बाबांच्या बाबतीत एक आधी विचारते, वजन अलीकडे आपोआप उतरलं आहे का? तसं असेल तर आधी डॉक्टर, कारण क्षयरोग, वाढलेली शुगर, आणखी काही, हे बघावं लागेल. तो वेगळा प्रश्न आहे.

---

शिवारकर

मोजलं. कंबर ९५ सेंमी. पोटरी ३१, दोन्ही पायांना. खड्डा राहत नाही. खुर्चीवरून तीनदा उठली, चौथ्यांदा मांडीवर हात टेकले आणि पाचवी झालीच नाही. सेकंद मोजण्याचा प्रश्नच आला नाही. ती स्वतःच चकित झाली, कारण घरात ती नेहमी कशाला तरी धरूनच उठते, त्यामुळे हे कधी कळलंच नाही.

हरिभाऊ, रात्रीचं जेवण बंद करण्याबद्दल मी आईशी बोललो होतो. तिने दोन दिवस केलं पण.

---

फिजिओताई

दादा, ते लगेच थांबवा. शुगरच्या काही गोळ्यांवर उपाशी झोपलं तर रात्री शुगर धोकादायक खाली जाते.

हरिभाऊ, तुमच्या वडिलांना फायदा झाला हे खरं असणार, पोटाची चरबी उतरली की शुगर सुधारते. पण त्या सहा किलोंमध्ये स्नायू किती गेला हे काट्याने सांगितलेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढची जाड माणसं, सगळ्यांना बेताचा आहार, आणि व्यायाम वेगवेगळा. वजन सगळ्यांचं साधारण सारखंच उतरलं. पण नुसतं चालणं वगैरे करणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं शरीर ५ टक्क्यांनी घटलं, वजन उचलणाऱ्यांचं २ टक्क्यांनी. रोजच्या हालचालींत सगळ्यात जास्त सुधारले ते दोन्ही व्यायाम करणारे. तेव्हा चालणं ठेवा, पण चालण्याने खुर्चीवरून उठायची ताकद येत नाही. त्यासाठी मांडीला वजनच पेलायला लावावं लागतं.

आणि शिवारकर दादांच्या आईचा सध्याचा प्रश्न वजन उतरवण्याचा नाही. आधी ताकद आणि प्रथिनं, पोटाचं नंतर बघू.

---

हरिभाऊ_वऱ्हाडी

ताई, हे वजन उचलनं म्हणजे जिममध्ये जाचं का? आमच्या गावात साठीच्या बाईनं असं केलं तं लोक काय म्हनतीन. अन् शेतात आयुष्यभर राबलेल्या मानसाले व्यायामाची काय गरज?

---

फिजिओताई

जिम नको, हरिभाऊ. आणि शेतात राबलेलं आता उपयोगाला येत नाही, कारण स्नायू साठवून ठेवता येत नाही. काम थांबलं की तो उतरू लागतो.

शिवारकर दादा, बाज वापरू नका, ती खोल जाते. लाकडी दिवाण किंवा भक्कम खुर्ची घ्या. त्यावर घडी घातलेली गोधडी ठेवून बैठक एवढी उंच करा की आईला हात न लावता आठ वेळा उठता येईल, आणि शेवटचे दोन वेळा जड जातील. शेवटचे दोन जड जाणं यातच सगळं आहे. सहज जमलं तर स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. आठ झाले की दोन मिनिटं बसायचं, पुन्हा आठ. एक दिवसाआड. हळूहळू आठाचे बारा होतील, मग गोधडीची एक घडी काढा. नेहमीच्या उंचीवर जमायला लागलं की वाळू भरलेली पाण्याची बाटली छातीशी धरून उठायचं.

सोबत चौकट धरून टाचा वर-खाली करणं, आणि बसल्या बसल्या त्याच बाटल्या हातात घेऊन डोक्यावर नेणं. एवढंच पुरे. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही, बीपी आहे म्हणून. उन्हाळ्यात हे पहाटेच उरका.

चिकनगुनियाचे सांधे आहेत, म्हणून एक खूण लक्षात ठेवा. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं, तर चालेल. सकाळी सांधा गरम, लाल, सुजलेला असला तर त्या सांध्यावर भार नको. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबून दवाखाना. आणि सुरू करण्याआधी शुगरच्या डॉक्टरांना सांगा, पुढे गोळी कमी करावी लागू शकते.

---

औषधवाला

मी औषधाच्या दुकानात बसतो. एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. आई सांधेदुखीसाठी काय घेते? कुठून घेते?

---

शिवारकर

डॉक्टरांची गोळी होती, ती संपली. आता आठवडी बाजारात एक जण पुड्या देतो, तिथून मामाने आणून दिल्या. त्या घेतल्या की दुसऱ्याच दिवशी दुखणं जातं, भूकही लागते. चार-पाच महिने चालू असतील. का?

---

औषधवाला

ज्याची भीती होती तेच. नाव नसलेली पुडी, एका दिवसात आराम, भूक वाढणं, शुगर वाढणं, पोट वाढणं आणि मांड्या-दंड बारीक होणं. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. बघितल्याशिवाय खात्रीने बोलणार नाही, पण स्टेरॉइड मांडीचा आणि दंडाचाच स्नायू खातं, आणि चरबी पोटावर, मानेमागे, गालांवर आणतं. आईचा चेहरा गोल झालाय का? हातावर सहज काळेनिळे डाग पडतात का?

आणि महत्त्वाचं. पुड्या आज वाचून आजच बंद करू नका. इतके महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम बंद केलं तर बीपी पडणं, उलट्या, गळून जाणं, जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन फिजिशियनकडे जा आणि किती महिने घेतल्या ते स्पष्ट सांगा. शरीर स्वतःचं स्टेरॉइड किती बनवतं हे बघायला ते सकाळची कॉर्टिसॉल तपासणी सांगतील आणि हळूहळू कमी करतील.

---

फिजिओताई

औषधवाले दादा, बरं झालं विचारलंत. चेहरा गोल असेल तर आजारपण आणि पुड्या अशी दोन्ही कारणं एकत्र आहेत. पुडी चालू असताना व्यायामाचा फायदा निम्माही होणार नाही, म्हणून हे आधी.

---

शिवारकर

चेहरा गोल झालाय. आम्हाला वाटलं, तब्येत सुधारली. सोमवारी वर्ध्याला नेतो.

खाण्याचं पण सांगा. सकाळी चहा आणि टोस्ट. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, भात. रात्री पुन्हा तेच, कधी भाकरी. दुपारी परत चहा. गळ्यात माळ आहे, अंडं-मटण चालत नाही. गावात सोयाबीनचे ढीग आहेत, पण खाण्यात कुणी घेत नाही.

---

फिजिओताई

मी अंदाजे हिशेब मांडते. दोन पोळ्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं, वाटीभर पातळ वरणातून तीन-चार, भातातून दोन-तीन, दोन्ही वेळचं धरून सव्वीस-अठ्ठावीस. चहाचं दूध आणि टोस्ट मिळून चार-पाच. म्हणजे तीस-पस्तीसच्या आतबाहेर. या वयात वजनाच्या किलोमागे किमान एक ग्रॅम लागतं. चरबीचं वजन सोडून ५५ किलो धरलं तरी रोज वीस-पंचवीस ग्रॅम कमी पडतात.

ते असं भरा. सकाळच्या टोस्टऐवजी मूठभर फुटाणे, दात नसतील तर त्यांचं पीठ ताकात कालवून, सहा ग्रॅम. वरण घट्ट करा, चमचा उभा राहील असं. दुपारी वाटीभर दही, पाच ग्रॅम. आठवड्यातून तीन-चारदा सोयाबीनच्या वड्यांची भाजी, पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांत बारा-तेरा ग्रॅम येतात. झुणका, कढी-गोळे, बरबटीची उसळ, हे तर आपलंच आहे. त्याच्या बदल्यात भाताचा एक वाढा आणि चहातली साखर कमी. सगळं रात्री एकदम नको, तिन्ही वेळा थोडं थोडं. शेतातलं कच्चं सोयाबीन तसंच दळून घालू नका, नीट शिजलं नाही तर पचत नाही.

एक अट. शुगर, बीपी आणि महिनोन्महिने सांधेदुखीच्या गोळ्या, म्हणजे मूत्रपिंड बघितल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत. क्रिएटिनिन तपासा.

---

मंदाकाकू_अमरावती

थायरॉइडची गोळी सुरू झाली तर सोयाबीनच्या वड्या त्या गोळीच्या वेळेला नकोत. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळी उपाशीपोटी गोळी आणि वड्या दुपारीच.

---

शिवारकर

दोन-अडीच महिन्यांनी लिहितो आहे. थायरॉइड ठीक निघालं. कॉर्टिसॉल खूप कमी आलं, म्हणजे पुड्यांचा संशय खरा. डॉक्टरांनी मोजून गोळी दिली आणि ती हळूहळू कमी करताहेत. दुखणं परत डोकं वर काढतं, ते वेगळं बघताहेत. मामा अजून मानत नाही, पुडीनेच बरं वाटत होतं म्हणतो.

वजन ६३. शेजारची काकू म्हणते एवढं करून एक किलो. कंबर ९१ झाली. खुर्चीवरून पाच वेळा हात न टेकता उठते, सतरा-अठरा सेकंदांत. जमिनीवरून अजून एक हात टेकावा लागतो, पण चौकट लागत नाही. पोटरी मात्र ३१ ची ३१. ती का वाढत नाही?

क्रिएटिनिन १.१ आलं. प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मल लिहिलंय. मग वड्या रोज चालतील ना?

---

फिजिओताई

पोटरी आत्ता वाढणार नाही. पहिले दोन-तीन महिने जी ताकद येते ती बरीचशी नसा स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात त्याची. जाडी नंतर येते, या वयात ती कमीच येते, आणि स्टेरॉइड पूर्ण सुटेपर्यंत तर अवघडच. पोटरी तीन महिन्यांतून एकदा मोजा, खुर्चीचे सेकंद महिन्यातून एकदा. काट्याकडे फार बघू नका. पाच-सहा सेकंद अजून कमी व्हायचे आहेत, पण तीनवरून पाचवर जाणं ही खरी प्रगती आहे.

क्रिएटिनिनबद्दल सावध राहा. ते स्नायूतूनच तयार होतं. ज्याचा स्नायू कमी त्याचं क्रिएटिनिन आपोआप कमी येतं, मूत्रपिंड थकलेलं असलं तरी. ६७ वर्षांच्या बाईला १.१ म्हणजे सूत्राने मूत्रपिंडाचं काम ५५ च्या आसपास निघतं, आणि आईच्या बाबतीत खरं कदाचित त्याहून कमी. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी स्नायूवर तेवढी अवलंबून नसते, नागपूरला होते. लघवीतलं प्रथिनही तपासून घ्या. तोवर घट्ट वरण, दही चालू ठेवा, वड्या आठवड्यातून दोनदाच. रोजच्या वड्यांचं मी इथून हो म्हणणार नाही, ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

---

औषधवाला

आणि सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर डायक्लोफेनॅक नेऊ नका. असं मूत्रपिंड, वर बीपीच्या गोळ्या, त्यात ते नको. तुमच्या मामांना सांगा, पुडीवाल्याकडून नाव लिहून मागा. तो देणार नाही.

---

धनश्री_ब्रम्हपुरी

बाबांचं मोजलं. पोटरी २९, कंबर ९२, पाच वेळा उठायला एकवीस सेकंद. वजन वर्षभरात चार किलो उतरलं आहे, आम्ही लक्षच दिलं नव्हतं. खोकला नाही, पण उद्या आधी ग्रामीण रुग्णालयात नेते. व्यायाम त्यानंतर विचारेन.